फुगलेली बेरीज: तपशिलाची पातळी, जॉइन आणि तक्त्यांमधील नाती

दोन तक्ते जोडले की बेरीज फुगते, ही तक्रार माहितीसाठ्यांवर काम करणाऱ्यांमध्ये जुनीच आहे. मात्र तिचा दोष बहुधा भलत्यालाच दिला जातो. जॉइन, म्हणजे दोन तक्त्यांतील जुळणाऱ्या ओळी शेजारी मांडण्याची क्रिया, आपले काम चोख करते: डावीकडील एका ओळीला उजवीकडे तीन ओळी जुळत असतील, तर ती डावी ओळ तीन वेळा लिहिते आणि तिच्यातील प्रत्येक आकडाही तीन वेळा उमटतो. चूक होते ती त्यानंतर, जेव्हा तीनदा उमटलेला तो आकडा तीन वेगळ्या घटना आहेत असे समजून त्याची बेरीज केली जाते. म्हणून या प्रश्नाचा खरा गाभा बेरीज जॉइनच्या आधी करायची की नंतर, हा आहे, आणि गेल्या काही दशकांत त्यावर जे उपाय निघाले ते सर्व म्हणजे याच क्रमाची वेगवेगळ्या प्रकारे लावलेली व्यवस्था आहे.

या चर्चेत ‘तपशिलाची पातळी’ ही संज्ञा वारंवार येते. तक्त्यातील एक ओळ नेमकी कशाची नोंद आहे, या प्रश्नाचे एका वाक्यातील उत्तर म्हणजे त्या तक्त्याची तपशिलाची पातळी. इंग्रजीतून आलेला ‘ग्रेन’ हा शब्दही कार्यालयांत रूढ आहे. राल्फ किम्बल यांच्या ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ या १९९६ च्या पुस्तकामुळे ही कल्पना सर्वत्र पोहोचली. किम्बल यांच्या पद्धतीत आधी कामकाजाची प्रक्रिया निवडायची, लगेच ग्रेन जाहीर करायचे, आणि मगच कोणते स्तंभ ठेवायचे ते ठरवायचे असा क्रम आहे. हा क्रम पाळणे कंटाळवाणे वाटते खरे, पण पुढे दिसणारे बहुतेक घोटाळे तो मोडल्यानेच होतात.

एक काल्पनिक पण नेहमीच्या व्यवहारातील उदाहरण घेऊ. एका पुस्तकविक्रेत्याकडे तीन तक्ते आहेत. पहिला, `bills`, यात प्रत्येक बिलाची एक ओळ असून टपालखर्च याच तक्त्यात आहे, कारण तो संपूर्ण पार्सलावर लागतो. दुसरा, `bill_lines`, यात बिलातील प्रत्येक कलमाची, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची, एक ओळ आहे. तिसरा, `receipts`, यात त्या बिलापोटी आलेल्या प्रत्येक हप्त्याची एक ओळ आहे. बिले चार आहेत. बिल १०१ मध्ये ५००, ३०० आणि २०० रुपयांची तीन कलमे, टपालखर्च १२० आणि वसुली ६०० व ५२० अशा दोन हप्त्यांत. बिल १०२ मध्ये ७०० रुपयांचे एकच कलम, टपालखर्च ८० आणि ७८० रुपये एकरकमी जमा. बिल १०३ मध्ये ४०० आणि २०० रुपयांची दोन कलमे, टपालखर्च पुन्हा ८०, आणि वसुली ३०० व ३८०. बिल १०४ मध्ये ४५० आणि ३५० रुपयांची दोन कलमे व टपालखर्च १००. याची वसुली अद्याप शून्य. हाताने मांडले तर विक्री ३,१०० रुपये, टपालखर्च ३८०, वसुली २,५८० आणि येणे बाकी ९०० रुपये निघते; ही बाकी संपूर्णपणे बिल १०४ ची आहे.

आता केवळ पहिले दोन तक्ते बिल क्रमांकावर जोडले, तर आठ ओळी तयार होतात. विक्रीची बेरीज ३,१०० अशी बरोबरच येते, कारण कलमांचा तक्ता दोहोंत अधिक बारीक आहे आणि त्याची कोणतीही ओळ दोनदा उमटलेली नाही. टपालखर्च मात्र ३८० ऐवजी ८०० होतो. १०१ चे १२० रुपये तीनदा, १०३ चे ८० आणि १०४ चे १०० रुपये प्रत्येकी दोनदा मोजले गेले. एकाच अहवालातील एक स्तंभ बरोबर आणि दुसरा चूक, हे या दोषाचे लक्षण आहे आणि तो लवकर सापडत नाही याचे कारणही तेच. सरासरी तर आणखी फसवी ठरते: टपालखर्चाची खरी सरासरी बिलामागे ९५ रुपये आहे आणि जॉइननंतरची १०० येते, म्हणजे दुप्पट झालेल्या बेरजेवर जवळपास बरोबर दिसणारी सरासरी पांघरूण घालते. किमान आणि कमाल किमतींवर तर काहीच परिणाम होत नाही.

तिसरा तक्ता आत आला की प्रकरण वेगळ्याच थराला जाते. कलमे आणि हप्ते या दोहोंचा परस्परांशी थेट संबंध नाही; कोणत्या हप्त्यातून कोणत्या पुस्तकाचे पैसे आले, हे कोणीही लिहून ठेवलेले नाही. दोन्ही तक्ते फक्त बिलाला चिकटलेले आहेत. तरीही पुढील प्रश्न विचारला तर संगणक तक्रार करत नाही:

```sql
SELECT SUM(l.amount), SUM(b.postage), SUM(r.amount)
FROM bills b
LEFT JOIN bill_lines l ON l.bill_no = b.bill_no
LEFT JOIN receipts r ON r.bill_no = b.bill_no;
```

बिल १०१ च्या तीन कलमांचा दोन हप्त्यांशी गुणाकार होऊन सहा ओळी होतात, १०२ ची एक, १०३ च्या चार आणि १०४ च्या दोन, अशा एकूण तेरा. विक्री ४,७००, टपालखर्च १,३२० आणि वसुली ५,५०० अशी उत्तरे येतात. विक्रीत टपालखर्च मिळवून वसुली वजा केली तर येणे बाकी ५२० रुपये दिसते. खरी बाकी ९०० आहे, पण ५२० हा आकडाही कोणाच्या डोळ्यांत खुपणारा नाही. तो उणे आला असता किंवा दहापट आला असता तर निदान कोणी चौकशी तरी केली असती. याच जागी `LEFT JOIN` ऐवजी साधा `JOIN` वापरला, तर ज्याची वसुली झालेली नाही ते बिल १०४ निकालातून गळून पडते आणि विक्री ३,९०० दिसते. त्यात फुगवटा आणि गळती दोन्ही मिसळलेली असतात, त्यामुळे अंतिम आकड्यावरून कोणता दोष किती, हे उलगडणे जवळजवळ अशक्य होते.

या दोन प्रकारांना जुनी नावे आहेत. बिझनेस ऑब्जेक्ट्स या अहवालप्रणालीवर काम केलेल्या मंडळींमध्ये पहिला ‘फॅन ट्रॅप’ म्हणून आणि दुसरा, म्हणजे एकाच पालक तक्त्याला लागलेल्या दोन स्वतंत्र बारीक तक्त्यांचा, ‘कॅझम ट्रॅप’ म्हणून ओळखला जातो. धोक्याची जाणीव त्याहूनही जुनी आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल पद्धती मांडताना ‘कनेक्शन ट्रॅप’चा उल्लेख केला होता: एक नाते आणि दुसरे नाते साखळीत जोडले की त्यातून तिसरे नाते आपोआप खरे ठरत नाही. पुस्तक आणि हप्ता यांची जोडी ही नेमकी तशीच कल्पित जोडी आहे. पुढे १९९७ मध्ये हान्स-योआखिम लेंझ आणि अरी शोशानी यांनी कोणती बेरीज अर्थपूर्ण ठरते यासाठी तीन अटी मांडल्या: गट एकमेकांवर चढलेले नसावेत, गटांमध्ये सर्व नोंदी याव्यात, आणि ज्या मापाची बेरीज करायची त्याचा प्रकार त्या बेरजेला मानवणारा असावा. वरील उदाहरणात पहिली अट फुगवट्याने मोडते आणि दुसरी गळतीने. तिसरी अट वेगळ्या ठिकाणी लागू पडते. रोजच्या शिल्लक साठ्याची महिनाभर बेरीज केली तर जॉइन निर्दोष असूनही उत्तर निरर्थकच येते.

फुगलेली बेरीज दिसली की पहिला हात जातो तो `DISTINCT` कडे. हा उपाय मूळ दोषापेक्षा वाईट आहे. `SUM(DISTINCT b.postage)` असे लिहिले की १०२ आणि १०३ या दोन वेगळ्या बिलांचे ८० रुपये एकच समजले जातात आणि टपालखर्च ३०० येतो. आधी आकडा जास्त होता, आता कमी झाला, एवढाच फरक. आणि चाचणीच्या वेळी सर्व रकमा योगायोगाने वेगळ्या असतील तर तो दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. दुसरा प्रचलित तोडगा प्रत्येक ओळीतील टपालखर्चाला त्या बिलाच्या कलमांच्या संख्येने भागण्याचा आहे. त्याने एकूण बेरीज जुळते, पण केवळ कवितासंग्रहांची विक्री निवडली की टपालखर्चाचा काही भागच शिल्लक राहतो, आणि तो भाग कोणत्या तत्त्वावर ठरला याचे उत्तर कोणाकडेच नसते.

भरवशाचा उपाय साधा आहे: प्रत्येक बारीक तक्ता जॉइनच्या आधी समान पातळीवर, म्हणजे इथे बिलाच्या पातळीवर, आणायचा आणि मगच जोडायचा.

```sql
WITH k AS (SELECT bill_no, SUM(amount) AS sale
           FROM bill_lines GROUP BY bill_no),
     v AS (SELECT bill_no, SUM(amount) AS received
           FROM receipts GROUP BY bill_no)
SELECT SUM(COALESCE(k.sale,0) + b.postage
           - COALESCE(v.received,0)) AS due
FROM bills b
LEFT JOIN k ON k.bill_no = b.bill_no
LEFT JOIN v ON v.bill_no = b.bill_no;
```

येथे `k` आणि `v` या दोन्ही तात्पुरत्या तक्त्यांत एका बिलाची जास्तीत जास्त एक ओळ आहे, त्यामुळे जॉइनने काहीही गुणले जात नाही. चार ओळी आत येतात, चारच राहतात, आणि उत्तर ९०० मिळते. `COALESCE` नसता तर बिल १०४ ची वसुली रिकामी असल्याने त्याची बाकीही रिकामी ठरली असती आणि उत्तर शून्य आले असते, हे जाता जाता नोंदवणे आवश्यक आहे. किम्बल यांच्या परंपरेत प्रत्येक तक्त्याला स्वतंत्र प्रश्न विचारून उत्तरे समान शीर्षकांवर शेजारी लावण्याच्या पद्धतीला ‘ड्रिल अक्रॉस’ म्हणतात, आणि बिझनेस ऑब्जेक्ट्समध्ये ‘कॉन्टेक्स्ट’ आखून एका अहवालामागे अनेक स्वतंत्र प्रश्न पाठवले जात, त्यामागेही हेच तत्त्व होते.

या उपायाची अडचण अशी की बेरीज कोणत्या पातळीवर करायची हे प्रश्न लिहिणाऱ्याला आधीच माहीत असावे लागते. आज बिलनिहाय, उद्या ग्राहकनिहाय, परवा महिनानिहाय अशी मागणी बदलत गेली की प्रत्येक वेळी तो प्रश्न नव्याने लिहावा लागतो. अहवालाची साधने वापरणारा मनुष्य तर पडद्यावर स्तंभ ओढत असतो. तो कोणता स्तंभ पुढे ओढेल हे तक्ते जोडताना ठाऊक नसते. म्हणूनच ‘जॉइन आताच करू नका, नाते फक्त सांगून ठेवा’ ही कल्पना पुढे आली. टॅब्लोने २०२० मध्ये आपल्या २०२०.२ या आवृत्तीत ‘रिलेशनशिप’ आणल्या. त्यात दोन तक्ते सपाट होऊन एक होत नाहीत. ते वेगवेगळेच राहतात आणि कोणत्या स्तंभावर ते जुळतात एवढेच नोंदवले जाते. वापरणाऱ्याने आलेखात स्तंभ आणल्यावर, त्या वेळी लागणाऱ्या तक्त्यांपुरता प्रश्न तयार होतो आणि प्रत्येक माप त्याच्या मूळ तक्त्याच्या पातळीवर मोजले जाते. टपालखर्च, विक्री आणि वसुली एकाच पानावर ठेवल्या तर ३८०, ३,१०० आणि २,५८० हेच आकडे येतात. हाताने लिहिलेली `WITH` ची रचना येथे यंत्र लिहिते, आणि प्रश्न कळल्यानंतर लिहिते.

पॉवर बीआयची वाट वेगळी आहे. तेथे नात्याला दिशा असते: नेहमीच्या एक-ते-अनेक नात्यात निवड ‘एक’ बाजूकडून ‘अनेक’ बाजूकडे वाहते. बिल निवडले की त्याची कलमे निवडली जातात, पण पुस्तक निवडले म्हणून बिले आपोआप निवडली जात नाहीत. त्यामुळे पुस्तकनिहाय टपालखर्च मागितला तर प्रत्येक पुस्तकासमोर तोच ३८० हा आकडा उभा राहतो. नवख्या माणसाला हा बिघाड वाटतो आणि तो नाते दुहेरी करून टाकतो. वस्तुतः ते यंत्र प्रामाणिकपणे सांगत असते की या मापाला पुस्तकाची पातळी लागू नाही. कलमे आणि वसुली हे दोन तक्ते परस्परांना न जोडता दोघांनाही ग्राहक, तारीख अशा सामाईक तक्त्यांमार्फत बांधावे, ही तेथील रूढ रचना आहे आणि तिला चांदणीच्या आकारावरून ‘स्टार स्कीमा’ म्हणतात.

तिसरी वाट लुकरची आहे आणि ती सर्वांत चतुर म्हणावी लागेल. तेथे जॉइन खरोखर केला जातो, ओळी फुगतातही, परंतु बेरीज करताना प्रत्येक बिलाच्या प्रायमरी कीपासून, म्हणजे ओळ एकमेव ओळखण्याच्या स्तंभापासून, हॅश पद्धतीने एक प्रचंड संख्या काढून ती टपालखर्चात मिळवली जाते. १०२ आणि १०३ चे ८० रुपये आता दोन वेगळ्या संख्या झाल्या. त्यामुळे `DISTINCT` लावून बेरीज केली तरी दोन्ही टिकतात, आणि दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा उमटलेले १०१ चे १२० रुपये मात्र गळतात. मग केवळ त्या प्रचंड संख्यांची तशीच बेरीज वजा केली की खरा टपालखर्च हाती येतो. याला तेथे ‘सिमेट्रिक ॲग्रिगेट’ म्हणतात. `DISTINCT` चा जो दोष वर सांगितला तो या युक्तीने नेमका दूर होतो. किंमत मोजावी लागते ती वेगाची, कारण मोठ्या तक्त्यांवर ही गणना जड जाते.

या तिन्ही वाटा एका गृहीतावर उभ्या आहेत: ‘एक’ बाजूची ओळ खरोखरच एकमेव आहे. भारतातील बिलांच्या बाबतीत हे गृहीत हमखास ढासळते, कारण जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा अनुक्रमांक त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असणे पुरेसे असते, आणि अनेक दुकाने १ एप्रिलला पुन्हा एकपासून मोजू लागतात. दोन वर्षांची बिले एकाच तक्त्यात आली की १०१ क्रमांकाची दोन बिले होतात आणि या वर्षीच्या पार्सलाला गेल्या वर्षीचे हप्ते चिकटतात. येथे नातेही वाचवू शकत नाही, कारण जुळवणीच चुकीची सांगितलेली असते. आर्थिक वर्ष आणि क्रमांक मिळून की करणे हाच मार्ग उरतो. साधने या चुकीला वेगवेगळा प्रतिसाद देतात. पॉवर बीआय ‘एक’ म्हणून घोषित केलेल्या बाजूला पुनरुक्ती आढळली की माहिती भरणेच थांबवते, आणि हा आडमुठेपणा उपकारक आहे. टॅब्लो सुरुवातीला दोन्ही बाजू ‘अनेक’ धरून सावधपणे चालते, पण वेग वाढावा म्हणून कोणी तेथे ‘एक’ असे सांगितले आणि ते खोटे असले, तर फुगलेली बेरीज मुकाट्याने परत येते. लुकरमध्ये चुकीच्या स्तंभाला प्रायमरी की म्हटले तरी उत्तर चुकतेच.

ही तपासणी करायला फार वेळ लागत नाही. पुढील प्रश्नाचे उत्तर रिकामे यायला हवे:

```sql
SELECT bill_no, COUNT(*)
FROM bills
GROUP BY bill_no
HAVING COUNT(*) > 1;
```

त्यासोबत जॉइनच्या आधी आणि नंतर ओळींची संख्या मोजणे, आणि प्रत्येक मापाची बेरीज त्याच्या एकट्या तक्त्यावर काढून अहवालाशी ताडून पाहणे, एवढे केले तर हा दोष क्वचितच निसटतो. पायथनच्या पांडाज लायब्ररीत `merge` ला `validate="one_to_many"` असे सांगण्याची सोय आहे. गृहीत मोडले तर ती जॉइन करण्यास नकार देते. एक्सेलवर वाढलेल्या लेखनिकांसाठी एक सावधगिरी अधिक लागते. `VLOOKUP` पहिली जुळणारी ओळ घेऊन थांबतो, त्यामुळे तो कधीच फुगवत नाही, पण बाकीचे हप्ते गुपचूप वगळतो. तेच काम पॉवर क्वेरीतील जोडणीने केले की सर्व ओळी उलगडतात आणि आकडा वाढतो. जुना आकडा कमी होता की नवा जास्त आहे, हे मूळ तक्ता पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

नात्यांची मर्यादाही इथेच स्पष्ट होते. टॅब्लोमध्ये पुस्तकनिहाय टपालखर्च मागितल्यास १०१ चे १२० रुपये त्या बिलातील तिन्ही पुस्तकांसमोर दिसतात, आणि खाली एकूण मात्र ३८० येते. स्तंभातील आकड्यांची बेरीज तळाच्या आकड्याशी जुळत नाही. दोन्ही आकडे आपापल्या अर्थाने खरे आहेत, कारण ‘हे पुस्तक ज्या पार्सलांत गेले त्यांचा टपालखर्च’ असा तो प्रश्न बनलेला असतो. ओळीच्या पातळीवर कलमाची रक्कम अधिक टपालखर्च असे सूत्र लिहिले तर संरक्षण सुटते आणि १०१ चा टपालखर्च पुन्हा तिप्पट होतो. दोन्ही मापांची वेगळी बेरीज करून मग मिळवणी केली तर ते सुटत नाही. साधनाला एवढेच करता येते. एका पार्सलाचे १२० रुपये तीन पुस्तकांवर किमतीच्या प्रमाणात वाटायचे, वजनाच्या प्रमाणात वाटायचे की वाटायचेच नाहीत, हा हिशेब ठेवणाऱ्याचा निर्णय आहे. तो घेतला असेल तर वाटलेली रक्कम कलमांच्या तक्त्यात स्वतंत्र स्तंभ म्हणून लिहून ठेवावी, आणि घेतला नसेल तर पुस्तकनिहाय टपालखर्चाचा अहवाल देऊ नये.